मे महिन्यात फोरकास्ट कमी, जूनमध्ये जास्त, दरवर्षी तेच: अ‍ॅडिटिव्ह की मल्टिप्लिकेटिव्ह?

आधी लक्षण सांगतो, तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. महिनावार सेलचा तीन-चार वर्षांचा डेटा आहे, त्यातून ट्रेंड आणि सीझन वेगळे काढले, पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला, आणि वर्ष संपल्यावर बघितलं तर वर्षाची बेरीज जवळपास बरोबर पण सीझनच्या महिन्यात अंदाज कमी पडलाय आणि मंदीच्या महिन्यात जास्त आलाय. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि फरक आधीपेक्षा मोठा.

माझ्या मामांचं नाशिकला भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. त्यांचा हिशोब आणि मालाचा अंदाज मी बघतो. मे महिन्यात लग्नसराई, रुखवताचे सेट, हंडे, घंगाळं, समया, सगळं जोरात असतं. जून उजाडला की गिऱ्हाईक गायब, कारण गावाकडचा पैसा पेरणीत जातो आणि शहरातला शाळेच्या फीमध्ये. मी पायथनमध्ये `seasonal_decompose` लावून मे २०२५ चा अंदाज दिला होता २३ लाख, विक्री झाली २५.१ लाख. जूनचा अंदाज दिला १३ लाख, झाली १०.९. म्हणजे मे मध्ये २.१ लाखाचा माल कमी पडला आणि जूनमध्ये तेवढाच पडून राहिला. मामा म्हणाले, "अरे, दोन महिन्यांची बेरीज तर बरोबर आलीय की." बेरीज बरोबर येते म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. एका महिन्यातली तूट दुसऱ्या महिन्यातल्या जास्तीने भरून निघते, वार्षिक आकडा चांगला दिसतो, पण मे च्या दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक उभं आहे आणि पितळी घंगाळ शिल्लक नाही ही गोष्ट वार्षिक आकड्यात कुठेच दिसत नाही.

(खालचे सगळे आकडे लाखात, जीएसटी काढून आणि समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेले आहेत.)

कारण

मी जी कमांड चालवत होतो ती अशी होती:

```python
from statsmodels.tsa.seasonal import seasonal_decompose
r = seasonal_decompose(s, period=12)
```

यात `model` लिहिलेलंच नाही, आणि लिहिलं नाही तर ते आपोआप `additive` धरतं. आर मध्ये `decompose()` वापरत असाल तर तिथेही न सांगता अ‍ॅडिटिव्हच. म्हणजे निवड आपण केलेलीच नसते, ती आपल्या नकळत झालेली असते.

अ‍ॅडिटिव्ह म्हणजे `Y = T + S + R`, यात Y विक्री, T ट्रेंड, S सीझन आणि R म्हणजे हे दोन्ही काढून जे उरतं ते, रेसिड्युअल. मे महिना ट्रेंडपेक्षा अमुक लाखांनी वर असतो, आणि हे लाख दरवर्षी तेवढेच. धंदा १० लाखाचा असो की १८ चा, मे चा उसळा तोच. मल्टिप्लिकेटिव्ह म्हणजे `Y = T × S × R`. मे महिना ट्रेंडच्या अमुक पट असतो, म्हणजे धंदा वाढला की उसळाही त्याच प्रमाणात वाढतो आणि जूनचा खड्डाही त्याच प्रमाणात खोल होतो. आमचा धंदा चार वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला आणि मी मात्र मे चा उसळा आधीच्या वर्षांच्या सरासरीवर अडकवून ठेवला होता, त्यामुळे अंदाज कमी पडणारच होता.

कागदावरची तपासणी, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी

मला सगळ्यात जास्त भरवसा या तपासणीवर आहे कारण यात ट्रेंड काढावाच लागत नाही. एकमेकांना लागून असलेले दोन महिने घ्या, एक चढता आणि एक उतरता, आणि दर वर्षी त्यांची वजाबाकीही करा आणि भागाकारही करा. लागून असलेले अशासाठी की महिनाभरात ट्रेंड फारसा हलत नाही, त्यामुळे जो फरक दिसतो तो सीझनचाच असतो.

आमचं मे आणि जूनचं असं आलं:

| वर्ष | मे | जून | मे − जून | मे ÷ जून |
|---|---|---|---|---|
| २०२२ | १४.१ | ६.१ | ८.० | २.३१ |
| २०२३ | १६.६ | ७.१ | ९.५ | २.३४ |
| २०२४ | २१.२ | ८.९ | १२.३ | २.३८ |
| २०२५ | २५.१ | १०.९ | १४.२ | २.३० |

वजाबाकी ८ वरून १४.२ वर गेली, भागाकार मात्र २.३ च्या आसपासच राहिला. वजाबाकी स्थिर असती तर अ‍ॅडिटिव्ह, भागाकार स्थिर म्हणून मल्टिप्लिकेटिव्ह. बस, एवढंच. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे आणि मी हे आधी केलं असतं तर दोन सीझन वाचले असते.

बरेच जण इथे वर्षातला सगळ्यात मोठा महिना वजा सगळ्यात छोटा महिना असं करून बघतात. आपल्याकडच्या डेटावर ते करू नका, कारण आपला सगळ्यात मोठा महिना दिवाळीचा असतो आणि दिवाळी कधी एकाच महिन्यात पूर्ण बसते तर कधी दोन महिन्यांत वाटली जाते. आमच्याकडे २०२२ मध्ये ऑक्टोबर २०.५ लाखाचा झाला आणि २०२३ मध्ये धंदा वाढूनसुद्धा सगळ्यात मोठा महिना जवळपास तेवढाच दिसला, कारण त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि खरेदी दोन महिन्यांत फुटली. नुसतं बघितलं तर वाटतं उसळा वाढतच नाहीये, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह असणार. निष्कर्ष चुकीचा, आणि त्यातला दोष पंचांगाचा आहे, मॉडेलचा नाही. याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

आता तेच ट्रेंडसकट

ट्रेंड काढायची पद्धत अशी की कुठल्याही महिन्याच्या मागचे सहा आणि पुढचे सहा धरून एकूण तेरा महिने घ्यायचे, दोन्ही टोकांच्या महिन्यांना अर्धं वजन द्यायचं आणि बाराने भागायचं. असं केलं की वर्षाचा प्रत्येक महिना एकदाच मोजला जातो आणि सीझन आपोआप पुसला जातो. आमचा मे महिन्यातला ट्रेंड २०२२ ते २०२५ असा आला: १०, १२, १५, १८. जूनलाही जवळपास हाच धरला.

अ‍ॅडिटिव्हने मे चा उसळा म्हणजे ४.१, ४.६, ६.२, ७.१, यांची सरासरी ५.५. आता प्रत्येक वर्षाच्या उसळ्यातून ही सरासरी वजा केली की उरतं −१.४, −०.९, +०.७, +१.६. जूनचं उरतं +१.६, +०.६, −०.६, −१.६. हे उरलेले आकडे नीट बघा, खरा पुरावा इथे आहे. रेसिड्युअल म्हणजे कुठल्याही क्रमाशिवाय इकडेतिकडे पडलेले आकडे असायला हवेत, आणि इथे मे चे उणेकडून अधिककडे पायऱ्या चढतायत, जूनचे तशाच पायऱ्या उतरतायत. एका महिन्याचे रेसिड्युअल वर्षांच्या क्रमाने लावले आणि ते सरळ चढले किंवा उतरले, तर सीझन ट्रेंडसोबत वाढतोय आणि मॉडेल ते मानायला तयार नाही असं समजायचं.

मल्टिप्लिकेटिव्हने मे चा गुणक १.४० आणि जूनचा ०.६० आला. ट्रेंड गुणिले १.४० केलं की मे चे १४.०, १६.८, २१.०, २५.२ येतात, खरे होते १४.१, १६.६, २१.२, २५.१. फरक +०.१, −०.२, +०.२, −०.१. पायऱ्या गेल्या.

सुरुवातीच्या चुकलेल्या अंदाजाचा हिशोबही इथे लागतो. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांवरून अ‍ॅडिटिव्हने मे चा उसळा ५ धरला आणि १८ + ५ = २३ दिले. त्याच तीन वर्षांवरून गुणक काढला असता तर १.४० आला असता आणि २५.२ मिळाले असते. डेटा तोच, ट्रेंडही तोच, फक्त एक शब्द वेगळा.

दोन मॉडेलची तुलना करताना होणारी चूक

दोन्ही मॉडेल चालवून रेसिड्युअलचं स्टँडर्ड डेव्हिएशन बघायचं आणि कमी येईल ते घ्यायचं असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. आमच्या मे-जूनपुरतं बघितलं तर अ‍ॅडिटिव्हचं १.३ आलं आणि मल्टिप्लिकेटिव्हचं ०.०१. वाटतं शंभरपट चांगलं झालं! पण ही तुलनाच होऊ शकत नाही. अ‍ॅडिटिव्हचा रेसिड्युअल लाखात असतो आणि शून्याभोवती फिरतो, मल्टिप्लिकेटिव्हचा नुसतं गुणोत्तर असतो आणि १ भोवती फिरतो. म्हणजे एक आकडा रुपयांचा आणि दुसरा पटीचा. धोका असा की जिथे अ‍ॅडिटिव्ह बरोबर आहे तिथेही मल्टिप्लिकेटिव्हचा आकडा छोटाच दिसणार, आणि या पद्धतीने तुम्ही डोळे झाकून दर वेळी मल्टिप्लिकेटिव्हच निवडणार.

दोन्ही रुपयांत आणा आणि मग बघा:

```python
a = seasonal_decompose(s, model='additive', period=12)
m = seasonal_decompose(s, model='multiplicative', period=12)
gap_a = s - (a.trend + a.seasonal)
gap_m = s - (m.trend * m.seasonal)
print(gap_a.std(), gap_m.std())
```

असं केल्यावर आमचं मे-जूनचं १.३ विरुद्ध ०.१४ लाख आलं. फरक अजूनही मोठा आहे पण आता तो खरा आहे. आणि नुसतं `std` छापून थांबू नका, `gap_a` महिन्यानुसार वेगळा करून वर्षाच्या क्रमाने बघा, कारण पायऱ्या तिथेच दिसतात, एका आकड्यात दिसत नाहीत.

मल्टिप्लिकेटिव्ह लावलं आणि एरर आला

`Multiplicative seasonality is not appropriate for zero and negative values` असा एरर आला तर डेटात कुठेतरी शून्य किंवा उणे आकडा आहे. आमच्याकडे एप्रिल २०२० होता. मार्च अखेरीस लॉकडाऊन लागला आणि तो सबंध महिना शटर बंद, सेल शून्य. कुणाकडे उणे आकडा परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटमुळे येतो, विक्री एका महिन्यात आणि परतावा पुढच्या महिन्यात.

यावर मी स्वतः केलेला चुकीचा उपाय म्हणजे शून्याच्या जागी ०.०१ टाकला. एरर गेला, पण ट्रेंडच्या मानाने ०.०१ म्हणजे हजारावा भाग, त्यामुळे एप्रिलच्या गुणकांच्या सरासरीत एक जवळजवळ शून्य घुसला आणि एप्रिलचा गुणक धाडकन खाली आला, शिवाय तो महिना आजूबाजूच्या तेरा महिन्यांच्या ट्रेंडमध्येही गेला. एका बंद महिन्याने सगळे एप्रिल मंदीचे ठरवले. रिकामी जागा सोडूनही चालत नाही, हे फंक्शन रिकाम्या जागा घेत नाही. आता मी दोनच गोष्टी करतो: एक तर आधीच्या एप्रिलवरून त्या महिन्याचा अंदाज भरायचा आणि बाजूच्या कॉलममध्ये हा भरलेला आकडा आहे अशी खूण करून ठेवायची, नाही तर तो काळच सोडून द्यायचा. आमच्या बाबतीत २०२१ च्या एप्रिल-मे मध्येही निर्बंध होते म्हणून मी सरळ जुलै २०२१ पासूनचा डेटा घेतला, डिसेंबर २०२५ पर्यंत ५४ महिने.

उणे आकड्यांचं वेगळं आहे, तिथे परतावा ज्या महिन्याच्या विक्रीचा आहे त्या महिन्यात वळता करा. तसं केल्यावरही आकडा खरोखरच उणे राहत असेल, म्हणजे विक्रीऐवजी नफा-तोटा किंवा कॅश फ्लो बघत असाल, तर मल्टिप्लिकेटिव्हचा विचारच सोडा.

मॉडेल बदललं तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर चुकतातच

इथे बरेच जण गोंधळतात आणि पुन्हा अ‍ॅडिटिव्हकडे वळतात. मीही पंधरा दिवस यात घालवले. मे आणि जून सुधारले पण ऑक्टोबर-नोव्हेंबरचे रेसिड्युअल तसेच मोठे. गुणक काढून बघितले (ट्रेंडला भागून):

| वर्ष | ऑक्टोबर | नोव्हेंबर | दोन्ही मिळून |
|---|---|---|---|
| २०२२ | १.९ | ०.८ | २.७ |
| २०२३ | १.३ | १.५ | २.८ |
| २०२४ | १.८ | ०.९ | २.७ |

पायऱ्या चढत नाहीयेत, उलटसुलट होतंय, आणि ऑक्टोबर खाली गेला की नोव्हेंबर वर जातोय. दोन्हींची बेरीज मात्र जागेवर आहे. हा फरक ओळखता आला पाहिजे: पायऱ्या दिसल्या तर मॉडेलचा दोष, झोका दिसला तर सणाच्या तारखेचा. भांड्यांची खरेदी धनत्रयोदशीवर चालते, आणि ती २०२२ मध्ये २२ ऑक्टोबरला, २०२३ मध्ये १० नोव्हेंबरला, २०२४ मध्ये २९ ऑक्टोबरला आली. डिकम्पोझिशनला इंग्रजी महिना कळतो, आश्विन-कार्तिक कळत नाही. ते ऑक्टोबरची सरासरी काढतं १.६७ आणि नोव्हेंबरची १.०७, आणि हे दोन्ही आकडे तिन्हीपैकी एकाही वर्षाला लागू पडत नाहीत. अ‍ॅडिटिव्ह लावा की मल्टिप्लिकेटिव्ह, झोका तसाच राहणार.

मी केलेला उपाय साधा आहे. धनत्रयोदशी धरून मागचे पंधरा दिवस म्हणजे आमचा खरा सीझन, हे मामांनी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगितलं आणि टॅलीतली दिवसवार विक्री काढली तर तसंच निघालं. मग त्या पंधरापैकी किती दिवस ऑक्टोबरात पडले एवढंच मोजायचं. २०२२ आणि २०२४ मध्ये पंधराच्या पंधरा ऑक्टोबरात. २०२३ मध्ये २७ ऑक्टोबरपासून, म्हणजे ऑक्टोबरात पाच आणि नोव्हेंबरात दहा. पंधरा दिवस असले की ऑक्टोबरचा गुणक सरासरी १.८५, पाच असले की १.३, म्हणजे दिवसाला ०.०५५. नोव्हेंबरचा शून्य दिवसांना ०.८५ आणि दहा दिवसांना १.५, म्हणजे दिवसाला ०.०६५. तीन वर्षांवरून ओढलेली रेघ आहे, फार ताणायची नाही, पण १.६७ आणि १.०७ पेक्षा कितीतरी बरी.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो. ट्रेंडला दोन्ही बाजूंना सहा-सहा महिने लागतात म्हणून डेटाचे पहिले सहा आणि शेवटचे सहा महिने ट्रेंडविना राहतात. आमचा डेटा डिसेंबर २०२५ ला संपतो, ट्रेंड जून २०२५ लाच थांबतो, म्हणजे सगळ्यात ताजी दिवाळी, २०२५ ची, गुणकात धरलीच गेलेली नाही! `extrapolate_trend='freq'` दिलं तर टोकं सरळ रेषेने पुढे ओढली जातात आणि ती दिवाळीही हिशोबात येते. पण टोकाची रेषा अंदाजे असते, त्यामुळे तिथल्या गुणकावर जपून विसंबा.

धोंड्याच्या महिन्याने बिघडवलेला जुलै

२०२३ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, अनारसे आणि सोबत तांब्याचं किंवा चांदीचं भांडं, दिवा, ताम्हण. एरवी आमचा जुलै ०.८५ चा असतो, त्या वर्षी १.२५ झाला. तिन्ही वर्षांची सरासरी ०.९८, आणि मग प्रत्येक साध्या जुलैचा अंदाज पंधरा टक्के जास्त यायला लागला. एकच वर्ष एवढं वेगळं असलं की सरासरीचं काही खरं नाही. ट्रेंड आणि सीझन वेगळे काढायची `STL` म्हणून दुसरी पद्धत आहे, तिच्यात `robust=True` असा पर्याय आहे, तो अशा एकट्या आकड्याचं वजन कमी करतो. `STL` फक्त अ‍ॅडिटिव्हच करतं, पण लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, त्यामुळे अडचण नाही:

```python
import numpy as np
from statsmodels.tsa.seasonal import STL
r = STL(np.log(s), period=12, robust=True).fit()
factor = np.exp(r.seasonal)
```

शेवटच्या ओळीत पुन्हा गुणक मिळतात, १.४० आणि ०.६० सारखे, वाचायला सोपे. तरीही तीन-चार वर्षांच्या डेटावर `robust` काही जादू करत नाही, अधिक महिन्याचं वर्ष हाताने वेगळं ठेवणं मला जास्त पटतं.

रुपये की किलो?

हा प्रश्न मामांनी विचारला आणि माझी अर्धी समजूत बदलली. मी त्यांना सांगत होतो की बघा, मे-जूनचा फरक ८ वरून १४.२ लाखावर गेला, तर ते म्हणाले, "अरे, भाव किती वाढलेत ते बघितलंस का? घंगाळं तेवढीच जातात." म्हणून तेच आकडे किलोत केले. २०२२ ला आमचा सरासरी दर साधारण ८०० रुपये किलो पडत होता, २०२५ ला १२००. म्हणजे मे-जूनचा फरक २०२२ ला १००० किलो आणि २०२५ ला साधारण ११८० किलो. महिन्याची सरासरी १२५० किलोवरून १५०० वर. रुपयांत ऐंशी टक्के वाढ होती ती किलोत फक्त वीस टक्के.

म्हणजे गुणाकार बऱ्याच अंशी भावातून आलेला आहे. भाव वाढला की मे आणि जून दोन्ही त्याच पटीने वाढतात, त्यामुळे रुपयांतली विक्री मल्टिप्लिकेटिव्ह दिसणारच, मागे माणसं तेवढीच असली तरी. किलोत पातळी चार वर्षांत इतकी कमी हललीय की तिथे अ‍ॅडिटिव्ह आणि मल्टिप्लिकेटिव्ह यांचे अंदाज जवळपास सारखेच येतात आणि चार वर्षांवरून कुठलं खरं हे ठरवताच येत नाही. तसं असेल तर त्यावर डोकं फोडू नका, कुठलंही घ्या. मी माल मागवायला किलोचा अंदाज वापरतो आणि पैशाची तजवीज करायला रुपयांचा. दोन्ही एकाच आकड्यातून काढायला गेलं की तांब्याचा भाव खाली आला त्या वर्षी माल कमी मागवला जातो.

याची उलट बाजूही आहे. एक देवस्थान दर जानेवारीत आमच्याकडून ठरलेली ऑर्डर घेतं, साधारण दोन लाखाची, धंदा १० लाखाचा होता तेव्हाही दोन आणि १८ चा झाला तरी दोनच. हा शुद्ध अ‍ॅडिटिव्ह भाग आहे, आणि सगळ्या सीरिजवर मल्टिप्लिकेटिव्ह लावलं की जानेवारीचा गुणक वर्षागणिक उतरताना दिसतो आणि पुढचा अंदाज जास्त येतो. अशी मोठी, ठरलेली ऑर्डर आधी वजा करा, उरलेल्यावर मल्टिप्लिकेटिव्ह चालवा आणि शेवटी दोन लाख परत मिळवा.

२०२६ साठी मी काय करतोय

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. लग्नाचे मुहूर्त मे च्या मध्यावर थांबणार आणि वाणाची भांडी दोन्ही महिन्यांत जाणार, म्हणून मे चा १.४० आणि जूनचा ०.६० हे दोन्ही गुणक मी यंदा जसेच्या तसे लावत नाहीये. मे साठी लग्नाचा माल, म्हणजे रुखवताचे सेट आणि मोठे हंडे, कमी धरले आहेत, आणि ताम्हण, निरांजन, छोटे दिवे जूनच्या मध्यापर्यंत पुरतील असे जास्त. याला सूत्र नाही, २०२३ च्या जुलै-ऑगस्टची आयटमवार बिलं समोर ठेवून मामांसोबत बसून केलंय.

दिवाळीचं मात्र सूत्राने निघतं. धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला आहे, पंधरा दिवस २३ ऑक्टोबरपासून, म्हणजे ऑक्टोबरात नऊ आणि नोव्हेंबरात सहा. ऑक्टोबर १.३ + ४ × ०.०५५ = १.५२, नोव्हेंबर ०.८५ + ६ × ०.०६५ = १.२४, बेरीज २.७६, जुन्या २.७ ते २.८ मध्येच बसते. नुसत्या सरासरीने गेलो असतो तर ऑक्टोबरला १.६७ धरून माल लवकर भरला असता आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा पुन्हा मागवायची धावपळ झाली असती. यंदा समया आणि तांब्यांची दुसरी खेप २८ ऑक्टोबरला उतरेल अशी ऑर्डर लिहून ठेवलीय.